मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. रेझ्युमेवर कुठे आणि कशी लिहावी?

प्रश्न: मी बार्शीचा. बारावीनंतर 2018 मध्ये एका कर सल्लागाराकडे कामाला लागलो, अजून तिथेच आहे. नोकरी करतच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, 2021 ला पास, 58 टक्के. तीन ग्राहकांची टॅली आणि जीएसटी मी एकटा बघतो. पुण्यात अकाउंट्सच्या नोकरीसाठी अर्ज करतोय, पण फोनच येत नाही. मित्र म्हणतो की ज्या कॉलेजात अभ्यासकेंद्र होतं त्याचं नाव लिही, मुक्तचं कशाला सांगतोस. काय करू?

उत्तर:

मित्राचा सल्ला आधी निकालात काढू, कारण तो पाळलात तर आत्ता नसलेली अडचण तयार होईल. पदवी विद्यापीठ देतं, अभ्यासकेंद्र नाही. अभ्यासकेंद्र म्हणजे संपर्कसत्रं आणि कागदपत्रं यांची जागा. रेझ्युमेवर कॉलेजचं नाव टाकून तुम्ही 'नियमित बी.कॉम. 2018 ते 2021' असं सुचवलंत आणि चार ओळी वर 'नोकरी 2018 पासून आजपर्यंत' असं लिहिलंत, तर वाचणारा दोन्ही तारखा एकाच नजरेत बघतो. रोज कॉलेजला जाणारा मुलगा दिवसभर ऑफिसात कसा होता? मग त्याला वाटतं की दोन्हींपैकी एक खोटं आहे, आणि बहुतेक वेळा तो अनुभवच खोटा धरतो. म्हणजे 'मुक्त' हा शब्द लपवायच्या नादात तुमच्याकडची सगळ्यात दमदार गोष्ट, नोकरीची ती सगळी वर्षं, संशयात जातात.

पुढे नेमणूक ठरली की कंपनी बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी करून घेते. एजन्सी गुणपत्रिकेवरचा कायम नोंदणी क्रमांक घेऊन विद्यापीठाकडे विचारणा करते. कॉलेजकडे विचारलं तर 'नियमित प्रवेशात हे नाव नाही' असं उत्तर येणार. पदवी खरी असूनही अहवालात 'माहिती जुळत नाही' असा शेरा पडतो, आणि त्या शेऱ्यावर ऑफर मागे घेतली जाऊ शकते. दूरशिक्षण म्हणून कोणी काढत नाही, चुकीची माहिती दिली म्हणून काढतात.

आता फोन का येत नाहीत ते बघू. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत.

पहिली म्हणजे पात्रतेची चाळणी. नोकरी डॉट कॉमवर शिक्षण भरताना अभ्यासक्रमाचा प्रकार विचारतात: पूर्णवेळ, अर्धवेळ की पत्राद्वारे/दूरशिक्षण. भरती करणारा त्यावरून गाळणी लावू शकतो. काही मोठ्या कंपन्या नवख्या मुलांच्या भरतीत 'फक्त पूर्णवेळ शिक्षण, दहावीपासून सलग 60 टक्के' अशी अट घालतात. तुम्हाला 58 टक्के आहेत, शिवाय दूरशिक्षण. त्या जाहिरातींमध्ये रेझ्युमे कितीही सजवला तरी उपयोग नाही, तो माणसापर्यंत पोचतच नाही. तिथे अर्ज करू नका. आणि त्या रकान्यात 'पूर्णवेळ' निवडून आत शिरायचा मोह तर अजिबात नको, कारण तो रकाना म्हणजे तुमचं लेखी निवेदन असतं.

पण 'तीन ते सात वर्षं अनुभव, कोणताही वाणिज्य पदवीधर' अशा जाहिराती पुण्यात भरपूर असतात: सीए फर्म, मध्यम कारखाने, वितरक, बाहेरच्यांची खाती सांभाळणाऱ्या कंपन्या. तिथे पदवीचं काम फक्त 'आहे' अशी खूण करण्यापुरतं. त्या जागांवरूनही फोन येत नसेल तर कारण मुक्त विद्यापीठ नाही. कारण ही दुसरी गोष्ट आहे: तुमच्या रेझ्युमेवरून काम कळत नाही. बहुतेक अर्जांत लिहिलेलं असतं, 'टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशनचं ज्ञान'. नियमित बी.कॉम. झालेलेही हेच लिहितात. कामाची ओळ सगळ्यांची सारखीच असली की वाचणाऱ्याला निवडायला उरतं काय? टक्के आणि कॉलेज. तिथे तुम्ही मागे पडता. त्यामुळे दुरुस्ती पदवीच्या ओळीत कमी आणि कामाच्या ओळींत जास्त करायची आहे.

पदवीच्या ओळीचं आधी उरकून घेऊ. ती रेझ्युमेच्या शेवटी, एकाच ओळीत:

> बी.कॉम., यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक, 2021

टक्के लिहिलेच पाहिजेत असं नाही, मागितले की सांगायचे. नावातच 'मुक्त' आहे, त्यामुळे कंसात 'दूरशिक्षण' लिहायची गरज नाही. ज्यांनी मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठासारख्या पारंपरिक विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून पदवी घेतली, त्यांच्या बाबतीत नावावरून काही कळत नाही. त्याच वर्षांत पूर्णवेळ नोकरी दाखवत असाल तर 'दूरशिक्षण' हा शब्द स्वतःहून लिहिलेला बरा, म्हणजे तारखांचा प्रश्न उठायच्या आधीच मिटतो. नोकरी नसेल तर रेझ्युमेवर नाही लिहिला तरी चालेल, फॉर्ममध्ये विचारलं तर मात्र खरं तेच. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी परीक्षेवरून प्रवेश घेतलेल्यांनी बारावीच्या रकान्यात पूर्वतयारीच लिहावी. आणि ज्यांची अडचण दूरशिक्षण नसून गावातलं अनोळखी कॉलेज आहे, त्यांनी विद्यापीठाचं नाव आधी लिहावं आणि कॉलेजचं नंतर. पदवी विद्यापीठाचीच असते आणि पुण्यातला माणूस सोलापूर किंवा शिवाजी विद्यापीठ ओळखतो, तालुक्याचं कॉलेज ओळखत नाही.

मान्यतेबद्दल कोणी विचारलं तर वाद घालत बसू नका. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, असं यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. ती सूचना आणि deb.ugc.ac.in वरची तुमच्या प्रवेशवर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी, अशा दोन पीडीएफ फोनमध्ये ठेवा. मान्यता संस्थेला आणि अभ्यासक्रमाला त्या त्या वर्षासाठी असते, म्हणून आजची यादी दाखवून भागत नाही, तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची लागते. खाजगी कंपनीत हे क्वचितच विचारतात. विचारलं तर पाठवून द्यायचं आणि विषय बदलायचा.

आता खरं काम. रेझ्युमे तुम्ही इंग्रजीत लिहाल, मी मजकूर मराठीत देतो. 'जीएसटी रिटर्नचं काम पाहिलं' या ओळीत चार गोष्टी नाहीत: किती, किती वेळात, कोणती अडचण, आणि तुमच्यामुळे काय झालं. 'किती'साठी अंदाज ठोकू नका. टॅलीप्राइममध्ये प्रत्येक ग्राहकाची कंपनी उघडून Alt+G दाबा आणि Statistics टाइप करा. त्या वर्षात खरेदी, विक्री, पेमेंट, पावती अशी किती व्हाउचर झाली ते आकड्यात येतं. त्याला बारानं भागा. तिन्ही ग्राहकांची बेरीज दरमहा 400 खरेदी बिलं आली असं धरू आणि त्यावरून पुढे जाऊ.

या क्षेत्रात सगळ्यात जास्त किंमत ज्या कामाला मिळते ते घ्या: खरेदीची नोंदवही आणि GSTR-2B, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर चढवलेल्या बिलांची यादी, यांची जुळवणी. जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने बिल अपलोड करून ते 2B मध्ये दिसल्याशिवाय त्यावर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, घेता येत नाही. म्हणजे जुळवणीत राहिलेलं प्रत्येक बिल म्हणजे मालकाच्या खिशातून रोख गेलेले पैसे. मासिक विवरणाचं चक्र असं: पुरवठादाराचं विक्रीचं विवरण GSTR-1 11 तारखेला, 2B 14 ला, तुमच्या ग्राहकाचं कर भरण्याचं विवरण 3B 20 ला. मधले सहा दिवस हाच खरा खेळ. मुलाखत घेणाऱ्याला हे चक्र पाठ असतं, म्हणून तुमची ओळ या तारखांत बसवलीत की तो थांबून वाचतो.

समजा एका महिन्यात 400 पैकी 360 बिलं पहिल्याच फेरीत जुळली आणि 40 राहिली. नवखा माणूस चाळीसही पुरवठादारांना फोन करायला घेतो. जाणकार आधी त्यांची वर्गवारी करतो. सतरा बिलांत फक्त क्रमांक लिहिण्याचा फरक निघतो: पुरवठादाराने INV/045/24-25 टाकलं आणि तुमच्याकडे 45 नोंदवलं. सहा बिलांत रुपयाच्या आतला राउंडिंगचा फरक. आठ बिलं तिमाही विवरण भरणाऱ्या छोट्या पुरवठादारांची आहेत. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती सवलत आहे. पहिल्या दोन महिन्यांची बिलं त्यांनी 13 तारखेपर्यंत आयएफएफ या पोर्टलवरच्या ऐच्छिक सोयीत चढवली नाहीत तर ती तिमाहीच्या शेवटीच दिसतात, फोन करून काही होत नाही, फक्त क्रेडिट पुढे ढकललं म्हणून नोंद ठेवायची. आता उरली नऊ. त्यातली काही पुरवठादाराने चढवलीच नाहीत, काही चुकीच्या जीएसटीआयएनवर किंवा विनानोंदणी ग्राहक म्हणून चढवली. फोन फक्त या नऊ जणांना. दुरुस्ती येईपर्यंत त्या बिलांचं क्रेडिट घ्यायचं नाही आणि मालकाला त्यांची रक्कम लेखी कळवायची.

हे तुम्ही दर महिन्याला करत असाल तर रेझ्युमेवरच्या ओळी अशा होतील:

> तीन व्यावसायिक ग्राहकांची जीएसटी खाती स्वतंत्रपणे सांभाळतो. दरमहा सुमारे 400 खरेदी बिलं.
> 2B जुळवणी 17 तारखेपर्यंत पूर्ण. न जुळलेल्या बिलांची कारणनिहाय यादी आणि अडकलेल्या क्रेडिटची रक्कम ग्राहकाला लेखी कळवतो.
> पुरवठादारांकडून दुरुस्ती करून घेऊन 2024-25 मध्ये ₹___ क्रेडिट परत मिळवून दिलं.

रिकामी जागा तुम्ही भरायची, आणि ती तुमच्या जुन्या जुळवणीच्या फाइलींतून, आधीच्या महिन्यात अडकलेल्या आणि नंतर 2B मध्ये आलेल्या बिलांची बेरीज करून. ती बेरीज नीट निघत नसेल तर तिसरी ओळ सरळ गाळा. पहिल्या दोन पुरतात. फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो: 'यातलं सगळ्यात मोठं बिल कोणतं होतं?' ज्याने खरंच पाठपुरावा केलेला असतो त्याला ते बिल आठवतं.

'मी' आणि 'आम्ही' हेही सांभाळा. विवरण कर सल्लागार सर भरत असतील आणि तुम्ही फक्त तयार करत असाल तर 'तयार करतो, वरिष्ठांच्या तपासणीनंतर दाखल होतं' असं लिहा. यात कमीपणा काही नाही. कंपनीतही तुमच्या वर मॅनेजर असणारच, आणि तपासणी करून घ्यायची सवय असलेला माणूस त्यांना हवाच असतो.

आता तुमच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट. या जागांसाठी पहिल्या फेरीत अर्ध्या-पाऊण तासाची एक्सेल आणि टॅलीची परीक्षा घेतात. तिथे कोणी पदवी विचारत नाही, म्हणून तुमच्यासारख्याने लवकरात लवकर तिथपर्यंत पोचायचं. त्यासाठी एक नमुना फाइल बनवा आणि अर्जासोबत जोडा. ग्राहकांचा खरा डेटा वापरायचा नाही, नावं बदलूनही नाही. त्या सल्लागार सरांचा विश्वास तर जाईलच, शिवाय नव्या कंपनीला वाटेल की उद्या हा आमचाही डेटा असाच घेऊन जाईल. पुरवठादार, क्रमांक आणि रकमा काल्पनिक घ्या, साठ ओळी पुष्कळ झाल्या. त्यात वर सांगितलेल्या पाचही प्रकारचे घोळ मुद्दाम पेरा. एका शीटवर खरेदी, दुसऱ्यावर 2B. दोन्हींत A मध्ये जीएसटीआयएन, B मध्ये बिल क्रमांक, F मध्ये एकूण कर. खरेदीच्या शीटवर फरकाचा रकाना असा:

```
=SUMIFS('2B'!$F:$F,'2B'!$A:$A,A2,'2B'!$B:$B,B2)-SUMIFS($F:$F,$A:$A,A2,$B:$B,B2)
```

उत्तर शून्य आलं तर बिल जुळलं, उणे आलं तर तुमच्या वहीत जास्त आहे किंवा 2B मध्ये नाहीच. इथे व्हीलूकअप न वापरायचं कारण तोंडी सांगता आलं पाहिजे: एकाच बिलावर 5 आणि 18 टक्के असे दोन दर असले की त्या बिलाच्या दोन ओळी होतात, आणि व्हीलूकअप पहिली ओळ उचलून थांबतो, बेरीज करत नाही. शिवाय दोन वेगळ्या पुरवठादारांचं बिल क्रमांक 45 असू शकतं, म्हणून क्रमांक आणि जीएसटीआयएन दोन्ही लावायचे. हाच फॉर्म्युला उलटा करून 2B च्या शीटवरही लावा, नाहीतर 2B मध्ये असलेली पण वहीत नोंदवायची राहून गेलेली बिलं सापडणारच नाहीत. ही उलटी फेरी बरेच जण विसरतात, आणि परीक्षेत नेमकं तेच तपासतात. तिसऱ्या शीटवर न जुळलेल्या बिलांची कारणनिहाय बेरीज, एवढंच. रंगीत तक्ते नकोत.

अर्जासोबतच्या ईमेलमध्ये तीन वाक्यं पुरेत: किती वर्षं, किती ग्राहक, दरमहा किती बिलं, जुळवणी कोणत्या तारखेला पूर्ण होते, नमुना फाइल जोडली आहे, डेटा काल्पनिक आहे. पदवीबद्दल ईमेलमध्ये एक अक्षरही नको. 'दूरशिक्षण असलं तरी मी मेहनती आहे' अशी वाक्यं बरेच जण लिहितात. 'असलं तरी' म्हटलं की आपणच उणीव कबूल करतो, समोरच्याच्या मनात ती नसली तरी.

मुलाखतीत 'रेग्युलर का नाही केलं?' हे विचारलं जाऊ शकतं. उत्तर दोन वाक्यांचं ठेवा: "सर, बारावीनंतर लगेच काम मिळालं, म्हणून नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. पदवी हातात आली तेव्हा तीन वर्षांचा जीएसटीचा अनुभव झाला होता." आणि थांबा. घरची परिस्थिती सांगत बसू नका. त्यांनी विचारलेलं नसतं, आणि त्यावर काय बोलावं हे त्यांनाही कळत नाही. पुढचा प्रश्न आपोआप त्या तीन वर्षांच्या कामावर येतो, आणि तिथे तुम्ही घरच्या मैदानावर असता.

राहिला कागदांचा भाग. इथे छोट्या ऑफिसातल्या माणसांची खरी पंचाईत होते. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ बहुधा नसतो आणि नेमणूकपत्रही नसतं. मग पडताळणीत पदवी सुटते आणि अनुभव अडकतो. पगार रोख मिळत असेल तर आजपासून बँकेत घ्यायला लागा, कंपन्या साधारण शेवटच्या तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. सल्लागार सरांकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या: रुजू झाल्याची तारीख, पद, पूर्णवेळ होतात हा उल्लेख, कामाचं स्वरूप दोन ओळींत, सही-शिक्का आणि फोन नंबर. त्या नंबरवर एजन्सीचा फोन येईल हे त्यांना आधी सांगून ठेवा. तारखा रेझ्युमेवर, फॉर्ममध्ये आणि पत्रावर महिन्यासकट एकच हव्यात. पास झाल्याचं वर्ष गुणपत्रिकेवरचं लिहा, पदवीदान समारंभाचं नाही. हा फरक वर्षाचा निघतो आणि उगाच खुलासे मागवले जातात. नावाचंही बघा: आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि आधारवर नाव आधी. फॉर्ममध्ये 'प्रमाणपत्रावरील नाव' असा वेगळा रकाना असेल तर तिथे गुणपत्रिकेवरचा क्रम जसाच्या तसा टाका. पदवी प्रमाणपत्र अजून घेतलं नसेल तर विद्यापीठाकडे आत्ताच अर्ज करा. ऑफर आल्यावर रुजू व्हायला महिना मिळतो आणि प्रमाणपत्र त्याच महिन्यात हातात पडेल याची खात्री नसते.